मास्तरांचा अंगठा, कटरबाईंची बोटं

कोट शिवणाऱ्या त्या कारखान्यात माणसं पस्तीस, पण लोकरीच्या कापडाला कात्री लावायची मुभा दोघांनाच. एक मास्तर, वय बहात्तर. दुसऱ्या कटरबाई, वय त्रेचाळीस. बाईंनी मास्तरांच्या हाताखाली आठ वर्षं नुसती घडी घालायला आणि खडूची रेघ मारायला शिकण्यात घालवली. त्यानंतरच्या चौदा वर्षांत त्यांनी कापडाचा चुकीचा कापलेला एकही तुकडा टोपलीत टाकला नाही. कारखान्यात त्यांना मागून 'फुटपट्टी' म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

मास्तरांच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी हाड चौकोनी होऊन वर आलेलं आहे. पन्नास वर्षं जड कात्री चालवल्याची ती खूण. कारखान्यात तिला मान आहे. ज्याचा अंगठा दुखायला लागला तो खरा कटर, असं तिथं मानलं जातं. त्यामुळे बाईंनी एकदा सहज सांगितलं की हात ठणकतात, तेव्हा सगळ्यांनी त्यांचं अभिनंदन केलं. काज करणाऱ्या मावशींनी तर चहा मागितला. मास्तर म्हणाले, झीज आहे, चालायचंच, रविवारी हात टेकवून बसा आणि गरम पाण्यात धरा.

बाईंनी ते पाच महिने केलं. त्या पाच वाजता उठत. दाराची कडी, नळ, डब्याचं झाकण सगळं नवऱ्यानं उघडायचं. तो बस चालवतो, पहिली फेरी सव्वासहाला. तो गेला की बाई गरम पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून बसून राहत. नऊ वाजता कारखान्यात येईपर्यंत बोटं सैल झालेली असत आणि दहाला कात्री ठरल्यासारखी चाले. म्हणून कुणाला काही दिसलं नाही. थकवा मात्र जाईना. काम संपल्यावर संध्याकाळी त्या फॅमिली डॉक्टरांकडे गेल्या, तेव्हा हातांची सूज बऱ्यापैकी उतरलेली होती. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, तो स्वच्छ आला. वेदनाशामक गोळी दिली.

संशय बाईंना आला तो त्यांच्या धंद्याच्या सवयीमुळे. त्या मोजल्याशिवाय काही मानत नाहीत. सुई ढकलायला मधल्या बोटात घालायचं पितळी अंगुस्तान पहाटे पेरावरून खाली उतरत नसे, सात वाजता उतरे. त्यांनी वहीत वेळ लिहायला सुरुवात केली. पावणेदोन तास, दीड तास, दोन तास. रविवारी, विश्रांतीच्या दिवशी, सगळ्यात जास्त. मग त्यांनी तेच अंगुस्तान डाव्या हाताच्या त्याच बोटात घालून बघितलं. तेही त्याच पेरावर अडलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मास्तरांना विचारलं की तुमचा अंगठा सकाळी किती वेळ धरलेला असतो. मास्तर म्हणाले, चहा होईस्तोवर, दहा मिनिटं फार झाली. दुखतो तो संध्याकाळी, दिवसभर कापल्यावर. हात टेकवला की बरा.

बाईंनी दोन्ही पंजे टेबलावर ठेवले. "मास्तर, माझं उलटं आहे. आणि डाव्या हातानं मी आयुष्यात कात्री धरली नाही. बघा, दोन्ही घडीवर कापल्यासारखे सारखे सुजलेत."

कापडाची दुहेरी घडी घालून कापलं की दोन्ही बाजू हुबेहूब निघतात. मास्तरांना याहून सोपं करून सांगता आलं नसतं. त्यांनी दोन्ही पंजे उलटसुलट करून बघितले आणि म्हणाले की मग हे कात्रीचं नाही. तरी पुढे पुटपुटलेच की डॉक्टरांना काय, रक्त काढायला निमित्त लागतं.

या वेळी बाई सकाळी आठला, दवाखाना उघडायच्या वेळी, वही घेऊन गेल्या. फॅमिली डॉक्टरांनी बोटांच्या मुळांची रांग दोन्ही बाजूंनी हलकेच दाबली तशी बाईंनी हात ओढून घेतला. डॉक्टरांनी त्याच दिवशी संधिवाताच्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली. आपण संध्याकाळी बघितलं ते चुकलं, हेही सांगितलं. असं सांगणारे डॉक्टर कमी असतात.

तपासण्या झाल्या. रुमॅटॉइड फॅक्टर निगेटिव्ह आला. कारखान्यात ही बातमी बाईंच्या आधी पोचली आणि मास्तरांनी निकाल दिला की रक्त साफ आहे. पण त्याच कागदावर अँटी-सीसीपी नावाची दुसरी चाचणी खूप वर होती आणि शरीरातली सूज दाखवणारे सीआरपी, ईएसआर हे आकडेही चढलेले होते. तज्ज्ञ डॉक्टरबाईंनी समजावलं की हा आजार असलेल्या बऱ्याच जणांत तो पहिला फॅक्टर सापडत नाही आणि काही धडधाकट माणसांत सापडतो. नुसत्या कागदावर काही ठरत नाही. दोन्ही हातांची सूज, सकाळचे दोन तास आणि रक्त, तिन्ही जुळतात तेव्हा ठरतं. हा रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ज्याला आमवात म्हणतात. झिजेच्या दुखण्यात सांध्यातली गादी वापरून पातळ होते. यात शरीराची संरक्षण करणारी यंत्रणाच सांध्याच्या अस्तरावर उलटते. ते अस्तर सुजतं आणि शेजारचं हाड कुरतडायला लागतं.

बाईंनी विचारलं, "एक्स-रे तर स्वच्छ आहे. मग थांबून बघू का? मोठी ऑर्डर आहे हातात."

"एक्स-रे स्वच्छ आहे म्हणूनच आज सुरू करायचं," डॉक्टर म्हणाल्या. "कुरतडलेलं हाड परत भरून येत नाही. कापलेलं कापड तुम्ही जोडता का?"

"जोडता येतं," बाई म्हणाल्या. "पण तो कोट मी विकत नाही."

डॉक्टरांनी औषध सुरू केलं. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, सोमवारी. रोज घेतलं तर ते जिवावर बेतू शकतं, हे डॉक्टरांनी दोनदा म्हणवून घेतलं. दुसऱ्या दिवशी फॉलिक अ‍ॅसिड. ठरावीक दिवसांनी रक्तपेशी आणि यकृताची तपासणी. औषधाचा गुण यायला आठ-बारा आठवडे लागतात म्हणून सुरुवातीला थोडे दिवस कमी प्रमाणात स्टेरॉइड. बाईंनी कटिंगच्या टेबलाखाली खडूनं सोमवार मोजायला सुरुवात केली. मंगळवारी मळमळ व्हायची. मास्तर रोज विचारायचे की औषध सोडता का, आणि बाई रोज घडी घालत राहायच्या. जड थर त्या दिवसांत मास्तरांनीच कापले, संध्याकाळी अंगठा चोळत.

नवव्या सोमवारानंतर वहीत चाळीस मिनिटं आली. चौदाव्यानंतर दहा. एका पहाटे नवऱ्यानं सवयीनं नळाकडे हात नेला तर पाणी आधीच चालू होतं.

मग मास्तरही तज्ज्ञ डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांना झीजच निघाली. अंगठ्याला आधाराचा पट्टा, हलकी स्प्रिंगची कात्री, व्यायाम आणि लावायचं मलम एवढंच मिळालं. आपलं रक्तसुद्धा काढलं नाही याचा त्यांना थोडा राग आहे.

बाई आज पूर्वीसारख्याच कापतात. उजव्या हाताचं मधलं बोट तेवढं पूर्ण सरळ होत नाही. त्याला त्या 'मास्तरांचे पाच महिने' म्हणतात, मास्तरांसमोरच. मास्तर ऐकून घेतात. परवा काज करणाऱ्या मावशी बोटं चोळत म्हणाल्या की झाले बाई मीही कटर. कुणी हसायच्या आत मास्तरांनी चष्मा वर केला.

"सकाळी किती वेळ?" त्यांनी विचारलं. "आणि दोन्ही हात दाखव."