वर न चढलेली दोन वर्षं

तुरुंगाच्या कचेरीत कोण कधी सुटणार हे काढणाऱ्या कारकुनाला कैद्यांपासून अधीक्षकांपर्यंत सगळे तारीखराव म्हणत. कचेरी म्हणजे दोन टेबलं, तीन लोखंडी कपाटं आणि आतल्या आवाराकडे एक आणि बाहेर भेटीच्या जागेकडे एक अशा दोन जाळीच्या खिडक्या. कोर्टाकडून शिक्षेचं वॉरंट आलं की ते शब्द न् शब्द वाचायचं, कच्च्या कैदेतले दिवस वजा करायचे, चांगल्या वागणुकीबद्दल मिळालेली माफी वजा करायची आणि सुटकेची तारीख नोंदवहीत चढवायची. एकोणीस वर्षांत त्यांची एकही तारीख चुकली नव्हती. एकही माणूस एक दिवस आधी सुटला नाही की एक दिवस जास्त राहिला नाही, आणि याचा त्यांना अभिमान होता.

त्यांचा स्वभावही वॉरंट वाचल्यासारखाच होता. विचारलं तेवढंच सांगायचे. एकदा बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, ‘‘पाऊस पडतोय का हो?’’ हे खिडकीतून बघून म्हणाले, ‘‘नाही.’’ पाऊस तासभर पडून नुकताच थांबला होता आणि दोरीवरचे कपडे ओलेचिंब झाले होते. ‘‘अहो, कपडे भिजले ते सांगायला तोंड नव्हतं का?’’ ती करवादली. ‘‘तू कपड्यांचं विचारलं नव्हतंस,’’ तारीखराव म्हणाले. हा किस्सा बायको आल्यागेल्या प्रत्येकाला सांगे आणि तारीखरावही त्यावर हसत. त्यात आपलं काही चुकलं असं त्यांना कधी वाटलं नाही.

मंगळवारी कैद्यांना खिडकीशी येऊन शिक्षेबद्दल विचारता येई. प्रश्न ठरलेले असत. दोन गुन्ह्यांत शिक्षा झालेला विचारी, माझ्या शिक्षा एकत्र की पाठोपाठ? तारीखराव वॉरंट काढून बघत. दोन्ही शिक्षा एकत्र भोगायच्या असं कोर्टाने लिहिलं असेल, तर पाच आणि सात मिळून सातच वर्षं. आधीची शिक्षा चालू असताना दुसऱ्या खटल्यात शिक्षा लागली आणि कोर्टाने तसं काहीच लिहिलं नसेल, तर पहिली संपल्यावर दुसरी सुरू, म्हणजे सरळ बारा. एका ओळीने पाच वर्षांचा फरक पडायचा. कुणी खिडकीशीच मटकन बसे, कुणी वकिलाच्या नावाने बोटं मोडी. तारीखराव अपिलाचा अर्ज सरकवत आणि पुढच्याला बोलावत.

मिस्त्री जन्मठेपेचा कैदी. सुतारकामाच्या शेडमध्ये तेरा वर्षं काढलेला, हात सोन्यासारखा. तारीखरावांच्या खुर्चीचा मोडका पाय त्यानेच बसवून दिला होता. नोंदवहीत त्याच्या नावापुढचा सुटकेचा रकाना कोरा होता, कारण जन्मठेप म्हणजे शेवटच्या श्वासापर्यंत. चौदा वर्षं झाली की माणूस आपोआप सुटतो ही बाहेरच्या लोकांची समजूत. खरं म्हणजे प्रत्यक्ष चौदा वर्षं आत काढल्याशिवाय मिस्त्रीची फाइल सुटकेचा विचार करणाऱ्या समितीपुढे जाणारच नव्हती. पुढे सोडायचं की नाही, हे त्याची वागणूक, पोलिसांचा अहवाल आणि शिक्षा देणाऱ्या कोर्टाचं मत बघून सरकार ठरवणार. चौदाव्या वर्षी दार उघडत नाही, फक्त दारावर थाप मारता येते.

मिस्त्रीची थोरली बहीण दर महिन्याला भेटीला येई आणि जाताना बाहेरच्या खिडकीशी थांबून विचारी, ‘‘भाऊ, तारीख लागली का हो त्याची?’’ तारीखराव म्हणत, ‘‘जन्मठेपेला तारीख नसते, ताई.’’ ती मान डोलवी. तिचा नवरा वारला होता, घरात ती एकटीच होती, आणि पुढच्या खोलीत तिने भावासाठी कामाचा ओटा बांधून ठेवला होता.

चौदा वर्षं भरायला आठ महिने उरले असताना एका मंगळवारी मिस्त्री खिडकीशी आला.

‘‘साहेब, एक विचारू? जन्मठेपवाल्याला आतमध्ये आणखी शिक्षा लागली, समजा दोन वर्षं, तर ती वर चढते का?’’

‘‘नाही,’’ तारीखराव म्हणाले. ‘‘जन्मठेपेच्या वर काही चढत नाही. नवी शिक्षा तिच्याबरोबरच चालते, कायदाच तसा आहे.’’

‘‘आणि मुदतीच्या कैद्याला लागली तर?’’

‘‘पहिली संपल्यावर दुसरी सुरू. कोर्टाने वेगळं लिहिलं तरच एकत्र.’’

‘‘बरं झालं, विचारलं ते,’’ मिस्त्री म्हणाला आणि निघून गेला. दोन्ही उत्तरं अचूक होती. तारीखरावांनी पुढचं वॉरंट उघडलं.

सहा आठवड्यांनी मिस्त्रीच्याच नावाचं वॉरंट टेबलावर आलं. तो खिडकीशी आला त्याच्या आदल्याच दिवशी सुतारशेडमध्ये मारामारी झाली होती, एका कैद्याच्या डोक्यात मागून फळी बसली होती. पहारेकरी धावत आला तेव्हा फळी मिस्त्रीच्या हातात होती. कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला. शिक्षा दोन वर्षं.

तारीखरावांनी वॉरंट दोनदा वाचलं. शेडमध्ये त्या दिवशी तिसरा माणूस होता, ड्रायव्हर. त्याची सात वर्षं संपायला आता चार महिने उरले होते. जखमी कैद्याने आधी मिस्त्रीला ढकललं, म्हणून ड्रायव्हरचं डोकं फिरलं, असं शेडमध्ये दबक्या आवाजात बोललं जात होतं. शिक्षा ड्रायव्हरला लागली असती तर चार महिन्यांवर दोन वर्षं चढली असती. मिस्त्रीवर मात्र काहीच चढणार नव्हतं. निदान तारीखरावांनी त्याला तसंच सांगितलं होतं.

त्यांनी मिस्त्रीला बोलावून घेतलं. ‘‘फळी तू मारलीस?’’

‘‘कोर्टात सांगितलंय ना, साहेब,’’ मिस्त्री शांतपणे म्हणाला. ‘‘आणि माझ्यावर चढत तर काही नाही.’’

चार महिन्यांनी ड्रायव्हर ठरल्या तारखेला सुटला. त्याचा सुटकेचा कागद तारीखरावांनीच केला. मिस्त्रीची चौदा वर्षं भरल्यावर फाइल वर गेली. वागणुकीच्या रकान्यात तेरा वर्षांचं स्वच्छ लिहिलं होतं आणि त्याखाली, तारीखरावांच्याच अक्षरात, नवी शिक्षा होती. ती लिहिताना त्यांना स्वतःची लाज वाटली. पण न लिहून चालणार नव्हतं. फाइल परत आली: तुरुंगात असताना गंभीर दुखापतीचा गुन्हा, सोडण्यास योग्य नाही, तीन वर्षांनी पुन्हा विचार व्हावा.

मिस्त्रीने कागद शेवटपर्यंत वाचला. ‘‘पण वर चढत नाहीत म्हणालात ना?’’

‘‘चढली नाहीत,’’ तारीखराव म्हणाले. ‘‘पण सोडायचं की नाही ठरवताना ती बघतात.’’

मिस्त्रीने कागदाची घडी केली. ‘‘ताईला तुम्हीच सांगा, साहेब. मला नाही जमणार.’’

बहीण आली, तेव्हा तारीखराव पहिल्यांदाच खिडकी सोडून बाहेरच्या बाकापर्यंत गेले. तिच्या शेजारी बसून त्यांनी सगळं सांगितलं, मिस्त्रीने काय विचारलं आणि आपण काय उत्तर दिलं तेही. ऐकता ऐकता तिने पिशवी खाली ठेवली. शेवटी म्हणाली, ‘‘हे समितीचं तेव्हाच का नाही सांगितलंत त्याला?’’

‘‘त्याने विचारलं नव्हतं, ताई.’’

‘‘काय विचारायचं असतं ते त्याला कुठे माहीत होतं, भाऊ?’’ ती म्हणाली आणि पिशवी उचलून फाटकाकडे चालू लागली. तारीखराव फाटक बंद होईपर्यंत बाकावरच बसून होते.

पुढच्या मंगळवारी पहिलाच कैदी जाळीशी येऊन म्हणाला, ‘‘साहेब, दुसऱ्या केसची शिक्षा एकत्र चालते की पाठोपाठ, एवढंच सांगा.’’

वॉरंट समोरच होतं. तारीखरावांनी त्याला हात लावला नाही. मिस्त्रीने पाय बसवून दिलेली खुर्ची ओढून ते जाळीच्या अगदी जवळ बसले.

‘‘सांगतो,’’ ते म्हणाले. ‘‘आधी तू सांग, कशासाठी विचारतोयस?’’