दोनाचे तीन

वहिनीनं दुकानाच्या दारावर नवा बोर्ड लावला तो सकाळी लवकर, कोणी बघत नसताना. झेरॉक्स एका बाजूला तीन, पाठपोट पाच, प्रिंट सात. स्कॅनिंग मात्र पूर्वीसारखंच पाच. स्कॅनला कागद लागत नाही आणि टोनरही लागत नाही, त्याचे वाढवायला तिला तोंड नव्हतं. बाकीच्यांचे वाढवल्यावाचून गत्यंतरच नव्हतं. कागदाचं रीम महिन्या-दोन महिन्यांनी चढत होतं, आणि या खेपेला टोनरच्या बाटलीचा भाव ऐकून तिनं घाऊकवाल्याला दोनदा विचारलं होतं. महिनाअखेरी नवी बाटली आणायला गल्ल्यात पैसे नसले तर मशीन बंद, आणि मशीन बंद तर दुकान बंद, एवढा साधा हिशेब होता. समोरचा स्टेशनरीवाला तर स्वतःचं एक असूनही केव्हापासून हे मशीन विकत मागत होता.

दुकान मुळात तिच्या नवऱ्याचं. तो गेला, तेव्हापासून अर्धं तिचं आणि अर्धं धाकट्या दिराचं. ती मशीनपाशी बसे, दीर मागच्या चार कॉम्प्युटरांपाशी. माल आणायचा, मेकॅनिकला बोलवायचं, घाऊकवाल्याची बोलणी खायची, हे सगळं वहिनीकडे. दीर गोड बोले. लोक त्याला भाऊ म्हणत, आणि हिला तोंडावर वहिनी, पाठीमागे कजाग.

बोर्ड लागला आणि तोंडं सुटली.

"दोनाचे तीन? सोन्याच्या पानावर काढता की काय?"

"पाठपोट काढली तर कागद एकच लागतो ना? मग पाच कसले?"

"कागद एक, पण टोनर दोन्हीकडे लागतो," वहिनी म्हणे. चार दिवस तेच तेच सांगून तिचा घसा बसला. मग तिनं सांगणं सोडलं. बोर्डाकडे नुसतं बोट दाखवायची. त्यानं माणसं जास्तच चिडत.

त्यातच एका सकाळी एक गवंडी आला होता, कामावर जाण्याआधी, पोराच्या शाळेचे कागद घेऊन. त्यानं बोर्ड वाचला, खिशातली चिल्लर पुन्हा मोजली, आणि मागितले तेवढे दिले. वहिनीला त्या दिवशी चहा गोड लागला नाही.

मग आठवड्याभरात एक नवल घडलं. लोक तिची काळजी करू लागले.

"वहिनी, एक वाजत आला. जेवून घ्या बघू आधी," गल्लीच्या टोकाला शिकवणी घेणारा सर म्हणाला. हा तोच सर, ज्यानं पहिल्या दिवशी सर्वांत जास्त आवाज चढवला होता.

"तब्येत आहे तर सगळं आहे," वकिलाचा कारकून म्हणाला. "आम्ही थांबतो, आमची काही घाई नाही."

वहिनी घरी जाऊन जेवत असे, एक ते दोन. त्या वेळात मशीन दीर बघे. तिला बरं वाटलं. रात्री लेकीला ती म्हणालीसुद्धा, "माणसं वाईट नसतात गं. पहिल्यांदा बोलतात, मग समजून घेतात."

लेक हसली. "आई, तुला जेवायला पाठवायला एवढी माणसं कुठून आली?"

वहिनीनं ते कानाआड केलं.

पुढं एका दिवशी तिचं पोट बिघडलं. एक वाजला तरी ती जागची हलली नाही. बाकावर पाचजण बसले होते, प्रत्येकाच्या हातात कागद, आणि कोणी पुढं होईना.

"द्या की," वहिनी म्हणाली. "मशीन मोकळंच आहे."

"असू दे, असू दे. तुम्ही जेवून या."

"आज जेवत नाही मी."

कारकुनानं घड्याळ पाहिलं. सर चुळबुळला. त्याच्या मांडीवर नोट्सचा गठ्ठा होता, काळ्याकुट्ट चित्रांनी भरलेला, एकेक पान टोनर पिऊन टाकणारं. शेवटी त्याचा धीर सुटला.

"वहिनी, सरळच विचारतो. तुम्ही जेवायला जाणार कधी? मला पोरांना नोट्स द्यायच्यात, आणि दोनाच्या भावानं काढायच्यात."

"दोनाच्या?"

"भाऊ दुपारी दोननंच काढून देतात," कारकून म्हणाला. तोंडातून निघून गेल्यावर त्यानं जीभ चावली.

वहिनीनं मागं वळून पाहिलं. दीर कॉम्प्युटरकडे इतकं लक्ष देऊन बघत होता, की जणू त्यात त्याचं लग्न लागत होतं.

"खरं आहे, भाऊजी?"

"आता लोकांसमोर कशाला?"

"लोकांनाच तर ठाऊक आहे. मलाच नव्हतं."

दीर उठला. "हो, काढून देतो. माणसं तोडून धंदा होत नाही, वहिनी. दादा असते तर त्यांनीही दोनच घेतले असते."

"दादा असते तर टोनर त्यांनी आणला असता. तुम्ही आजवर एक बाटली आणलीत?"

"मशीनवर कमी टोनरचं बटण आहे. तेवढं दाबलं की भागतं."

"म्हणून दुपारची पानं फिकी निघतात होय! मला वाटलं मशीन म्हातारं झालं."

सर मध्येच म्हणाला, "वहिनी, घरचं भांडण घरी करा. गिऱ्हाइकाचा खोळंबा होतोय."

"तुम्ही गप्प बसा," वहिनी म्हणाली. "तुम्हाला दुपारी यायला फुरसत आहे. ज्यांना सकाळी सातला कामावर जायचं, ते तीन देतात. तुमचं पान त्यांच्या खिशातून निघतं."

सर उठला आणि समोर स्टेशनरीवाल्याकडे गेला. मागोमाग कारकून गेला. थोड्या वेळानं दोघंही परत येऊन बाकावर बसले. समोर झेरॉक्सचे साडेतीन होते.

"मग वाटणी करा," दीर म्हणाला. "नाहीतरी तुम्हाला मी डोळ्यात खुपतोच."

"करू. एक महिना दुकान तुमचं, एक माझं. ज्याचा महिना त्याचा भाव, आणि त्याचाच कागद, त्याचाच टोनर. पहिला महिना तुमचा."

दीर छाती काढून म्हणाला, "चालेल. बोर्ड मी काढणार."

"काढा."

पहिल्या तारखेला त्यानं बोर्ड उतरवून भिंतीला टेकवला, आणि घाऊकवाल्याकडे गेला. सकाळी गेलेला माणूस दुपारी उशिरा आला. एका हातात टोनरची बाटली, काखेत दोन रीम, आणि चेहरा दाढ दुखत असल्यासारखा. वहिनी मागं कॉम्प्युटरांपाशी बसली होती, आता तिची जागा ती. त्यानं घाम पुसला, खिळा चाचपला, आणि बोर्ड परत होता तिथं टांगला.

संध्याकाळी सर गठ्ठा घेऊन हजर.

"काय भाऊ, आता तर तुमचंच राज्य. दोननं काढा पटकन."

दिरानं आवाज खाली आणला, पण दुकान केवढं असणार? "काय सांगू सर. माझ्या हातात असतं तर फुकट काढून दिलं असतं. वहिनीनं ठरवून ठेवलाय भाव. घरात शांतता हवी, म्हणून गप्प बसतो."

सरानं मागं वहिनीकडे पाहिलं. बाकावरच्या दोघीतिघींनीही पाहिलं. त्या नजरांमध्ये दया नव्हती.

वहिनीच्या ओठांवर उत्तर आलं होतं. पण ते दिलं, तर तो उद्या इरेला पेटून दोनाचा भाव लावणार, आणि महिनाअखेरी नव्या बाटलीला पैसे नसले की मशीन बंद पडणार, ते दोघांचंही.

"हो," ती म्हणाली. "मीच ठरवलाय. तीनच पडतील."

सरानं पैसे काउंटरवर जवळजवळ फेकलेच. दिरानं ते गोळा केले, आणि भरल्या टोनरवर काळीभोर पानं काढू लागला.