तिसऱ्या ओळीतली दहा घरं

नोकरी लागून मला दोन महिने झाले होते. जबलपूरमधल्या एका छोट्या सर्वेक्षण संस्थेत मी फॉर्ममधली माहिती संगणकात भरायची आणि तिचे तक्ते करायची. आमच्या घरातली खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीबाहेरची पहिली नोकरी. बाबा तिथल्या क्वार्टरमध्ये शेजाऱ्यांना सांगायचे, "पोरगी कंप्युटरवर हिसाब करते." खरं तर मी रोज भीत भीत कामाला जायचे. आपल्याला हे येत नाही आणि एक दिवस ते कोणाच्या तरी लक्षात येणार, असं सारखं वाटायचं.

तो दिवस गुरुवारी आला.

पिण्याच्या पाण्याचा सर्वे होता. तीन वस्त्या, आणि घरात पाणी कुठून येतं हा प्रश्न. उत्तरं तीन: नळ, बोअर, टँकर. तक्त्यात वस्त्यांच्या तीन ओळी आणि पाण्याचे तीन रकाने. प्रत्येक चौकटीत आधी घरांची संख्या, तिच्याखाली ओळीचा टक्का, म्हणजे त्या वस्तीतल्या किती घरांना ते पाणी मिळतं. आणि त्याखाली रकान्याचा टक्का, म्हणजे ते पाणी वापरणाऱ्या सगळ्या घरांपैकी किती त्या वस्तीतली.

संस्थेच्या मॅडम प्रत्येक तक्ता कॅल्क्युलेटर घेऊन स्वतः तपासायच्या. दुपारी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांचं बोट तिसऱ्या ओळीवर होतं.

"कुल घर सौ. नल पचास प्रतिशत. तो कितने घर हुए?"

"पचास," मी म्हणाले.

"और तुमने लिखा है पैंतालीस."

मी वाकून पाहिलं. नळ पंचेचाळीस, बोअर सत्तावीस, टँकर अठरा. टक्के पन्नास, तीस, वीस. टक्क्यांची बेरीज बरोबर शंभर येत होती, घरांची मात्र नव्वद. आणि ओळीच्या शेवटी एकूण घरं शंभर, माझ्याच हाताने लिहिलेली.

"दस घर कहाँ गए?"

माझ्या तोंडातून एवढंच निघालं, "फॉर्म तो सौ ही आए थे, मॅडम."

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. ते वाक्य मी का बोलले, असं मला आजही वाटतं. कारण त्या वाक्याने त्यांचा संशय माझ्यावरून उठला आणि फॉर्म आणणाऱ्या बाईवर गेला.

तिसऱ्या वस्तीतले फॉर्म घरोघर जाऊन एका दीदीने भरून आणले होते. पन्नाशीची, कांचघर मोहल्ल्यात एकटी राहणारी, मूळची भंडाऱ्याकडची. ऑफिसात माझ्याशी मराठी बोलणारी ती एकटीच. पहिल्या आठवड्यात मी डबा विसरले तेव्हा तिने अर्धी भाकर माझ्यापुढे सरकवली होती.

"दस घर गई ही नहीं होंगी," मॅडम म्हणाल्या. "कोरे फॉर्म गिनती में मिला दिए. कल बुलाओ. अगर ऐसा है तो आगे काम नहीं मिलेगा."

फोन मीच केला. दीदीने विचारलं, "काहून बोलावलं गं? काही चुकलं काय?" मी म्हणाले, "माहीत नाही." आणि फोन ठेवला.

संध्याकाळी खमरियाच्या बसमध्ये मला खिडकीशी जागा मिळाली, पण बाहेर काही दिसत नव्हतं. पंचेचाळीस नव्वदाचे पन्नास टक्के, सत्तावीस तीस टक्के, अठरा वीस टक्के, असं डोक्यात फिरत होतं. म्हणजे ओळीचे टक्के नव्वदावर निघाले होते, शंभरावर नाही. मग रकाने? नळाची सगळी मिळून दीडशे घरं, त्यातली पंचेचाळीस म्हणजे तीस टक्के. तक्त्यात तीसच होते. बोअरचे जुळत होते, टँकरचेही. पहिल्या दोन वस्त्यांच्या ओळी तर बिनचूक होत्या. चौकटीतल्या घरांच्या संख्या खोट्या असत्या तर रकान्यांच्या टक्क्यांत काहीतरी विचित्र दिसलं असतं, असं मला वाटत होतं, पण खात्री नव्हती. खात्रीची एकच गोष्ट होती. उत्तर नसलेले फॉर्म टक्क्यांतून वगळायला मीच संगणकाला सांगितलं होतं, आणि एकूण शंभर हा आकडा मी फॉर्मांच्या यादीवरून हाताने लिहिला होता. न जुळणारी ओळ माझी होती. ती दहा घरं रिकामी का होती, तेवढंच मला ठाऊक नव्हतं.

दीदीचा नंबर दोनदा काढला. लावला नाही. नोकरी गेली तर बाबा शेजाऱ्यांना काय सांगतील, हे डोळ्यांपुढे आलं आणि मी फोन पर्समध्ये टाकला.

शुक्रवारी सगळ्यांच्या आधी पोचले. तिसऱ्या वस्तीचा गठ्ठा काढून एकेक फॉर्म उलटू लागले. पाण्याच्या प्रश्नावर खूण नसलेले बरोबर दहा फॉर्म निघाले. बाकीचे सगळे प्रश्न भरलेले, उत्तर देणाऱ्याची सही किंवा अंगठा. आणि त्या प्रश्नाच्या बाजूला, कडेला, पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं: शेजारच्या घरून आणतात. दहाही फॉर्मांवर. फॉर्मवर तसं उत्तरच नव्हतं, म्हणून तिने कडेला लिहिलं. मी भरताना खुणेची चौकट रिकामी दिसली की पुढे जायचे. कडेला पाहिलंच नव्हतं.

मी फॉर्म हातात धरून उभी असतानाच दीदी आली. तिने इस्त्रीची साडी नेसली होती आणि वस्तीत फिरताना लिहिलेली डायरी छातीशी धरली होती. मॅडमनी तिला बसा म्हटलं नाही.

"सच बताइए, दस घरों में आप गई थीं?"

"गई थी, मॅडम. एक-एक घर."

"तो पानी का जवाब क्यों नहीं?"

दीदी डायरीची पानं उलटू लागली. पान सापडत नव्हतं. मी दारात उभी होते. बोलायचं आहे हे कळत होतं, तरी मी हातातले दहा फॉर्म पुन्हा पुन्हा मोजत राहिले. एवढा वेळ की दीदीच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग मी आत जाऊन दहा फॉर्म टेबलावर ठेवले. "मॅडम, गलती मेरी है."

सगळं सांगितलं. वगळलेले फॉर्म, हाताने लिहिलेले शंभर, कडेची पेन्सिल. मॅडमनी दहाही फॉर्म पाहिले, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "चौथा कॉलम बनाओ. अभी."

तिथेच त्यांच्यासमोर तक्ता पुन्हा केला. पंचेचाळीस, सत्तावीस, अठरा, दहा. बेरीज शंभर, आणि ओळीचे टक्केही तेच आकडे. जुन्या तीन रकान्यांचे टक्के जराही हलले नाहीत. चौथ्या रकान्यातली सगळी घरं एकाच वस्तीतली. आदल्या दिवशी तिसऱ्या वस्तीतही पहिल्या वस्तीइतकाच नळ दिसत होता, निम्म्या घरांत. आता तसं दिसत नव्हतं. मॅडमनी त्या दहाच्या आकड्याभोवती पेनाने गोल केला. नंतर दीदीला "बैठिए" म्हणाल्या. माफी मागितली नाही.

माझी नोकरी राहिली. त्या महिन्यात केलेले सगळे तक्ते मला कागदी फॉर्मांशी ताडून पुन्हा तपासावे लागले. आणखी दोन ठिकाणी तशीच चूक निघाली.

त्या शुक्रवारी दीदीला सोडायला मी जिन्यापर्यंत गेले. ती एक पायरी उतरून थांबली.

"तुला काल माहीत होतं काय?"

"संध्याकाळी शंका आली होती."

"मग फोन काहून नाही केला? मी रातभर डायरी चाळून राहिली होती."

"भीती वाटली, दीदी."

ती रागावली नाही, हसलीही नाही. "मले नाही वाटली काय?" म्हणाली, आणि कठडा धरून सावकाश खाली उतरली.