विषय : सोडून राह्यल्याबाबत

दसरा होऊन आठ दिवस झाले होते, पण ऊन काही उतरायला तयार नव्हतं. सकाळी नऊलाच शाळेच्या टिनाला हात लावला तर चटका बसत होता. गावात जिकडेतिकडे सोयाबीनची मळणी सुरू होती. तिचा भुसा हवेत उडून माणसाच्या डोळ्यांत आणि चहाच्या कपात सारखाच पडत होता.

हरिदास शिपाई अशा सकाळी शाळेच्या मागच्या बाजूला उकिडवा बसून टाकीचा वॉल फिरवत होता. चोवीस वर्षांचा त्याचा हा नेम. आधी बोअरची मोटर लावायची, टाकी भरू द्यायची आणि मग पिण्याच्या हौदात पाणी सोडायचं. वॉल गंजका होता. तो एकट्या हरिदासच्याच हाताला फिरायचा, आणि फिरताना अर्धा तास खायचा.

वडनेरच्या अलीकडे, सडकेला लागून असलेली ही खेड्यातली शाळा. आठ महिन्यांपूर्वी इथं अच्युत सर मुख्याध्यापक म्हणून आले, ते थेट सांगलीकडून. माणूस सरळ होता, पण कागदाचा. त्यांना सगळं लेखी लागायचं. खडू संपले, लेखी द्या. बाकाचा पाय मोडला, लेखी द्या. सातवीच्या वर्गात साप निघाला तेव्हा तर सर म्हणाले होते, "कुठल्या रंगाचा, ते नमूद करा."

आदल्या दिवशी प्रयोगशाळेची चावी सापडायला उशीर झाला. तेव्हा सर वैतागून हरिदासला बोलले होते, "जमत नसेल तर सोडा!" हरिदासनं ते एका कानानं ऐकलं होतं. सरांनी मात्र ते मनात ठेवलं होतं, कारण बोलल्यावर त्यांनाच जरा जास्त झाल्यासारखं वाटलं होतं.

त्या सकाळी सहामाही परीक्षेच्या कामासाठी सर लवकर आले. ऑफिसच्या दारातून त्यांनी हाक मारली, "हरिदास!"

पाण्याच्या आवाजात ती हाक विरली. सरांनी दुसरी मारली. तिसरी मारताना त्यांचा आवाज चढला, "हरिदास, काय चाललंय तुमचं?"

मागून उत्तर आलं, "सोडून राह्यलो, सर!"

सरांना कालचं आपलं 'सोडा' आठवलं. घटकाभरानं त्यांना सुचायचं तेच सुचलं. ते ओरडले, "मग तसं लेखी द्या!"

हरिदासला यात काही नवल वाटलं नाही. पाण्याची वेळ चुकते अशी पालकांची तक्रार होतीच, सरांना नोंद पाहिजे असेल. त्यानं खडूच्या रिकाम्या डब्याचं झाकण फाडलं, कानावरची पेन्सिल काढली आणि लिहिलं : 'मी सोडून राह्यलो. नऊ वाजल्यापासून. हरिदास, शिपाई.' झाकण सरांच्या टेबलावर ठेवून तो पुन्हा वॉलपाशी गेला.

दहा वाजता शाळेच्या लिपिक वर्षालीताई आल्या. त्यांनी पर्स ठेवायच्या आत सरांनी ते झाकण त्यांच्यापुढं सरकवलं.

"हा राजीनामा आहे म्हणे. याला विषय नाही, दिनांक नाही, सहपत्रं नाहीत. हे असं संस्थेकडं कसं पाठवायचं? नीट नमुन्यात करून घ्या."

वर्षालीताई अल्लीपूरच्या. झाकणावरची भाषा त्यांच्या घरातली होती, आणि म्हणूनच त्याही फसल्या. नोकरी सोडणारा माणूस त्यांच्याकडे असंच लिहील. त्यांनी हरिदासला बोलावलं. तो लुंगीला हात पुसत आला.

"काका, हे काय करून राह्यले तुम्ही?"

"काय केलं बाप्पा मी?"

"सोडून राह्यले म्हणे."

"हो न. नऊ वाजल्यापासून."

"पण काऊन?" ताईंनी कारण विचारलं.

"आता काऊन काय ताई? पुरं भरलं होतं. भरल्यावर सोडाच लागते."

माणसाचं मन असं भरून येतं हे वर्षालीताईंना पटलं. त्यांनी आवाज खाली केला. "काकूले सांगतलं?"

"कोकिळाले? तिले काय सांगाचं? घरी तं मी दोन टाइम सोडतो."

वर्षालीताईंनी त्याच्या कपाळाकडे नीट पाहिलं. ऊन लागलं असावं. "पाणी प्या काका. तीन वर्सं राह्यले तुमचे रिटायर व्हाले. आता राजीनामा देल्ला तं मागची सारी नोकरी धुतल्या जाते. पेन्शनबी जाईन."

हरिदासचा हात लुंगीवरच थांबला. "पाणी सोडलं तं पेन्शन जाते?"

"पाणी?"

"मंग मी सकायपासून काय सोडून राह्यलो?"

वर्षालीताईंनी झाकण वाचलं, खिडकीतून हौदाकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावून त्या अशा हसल्या की टेबलावरचं स्टॅम्पपॅड खाली पडलं. हरिदास हसला नाही. त्यानं स्टॅम्पपॅड उचलून जागेवर ठेवलं.

"थांबा, सरांले सांगून येते," ताई डोळे पुसत उठल्या.

"बसा, ताई. सर काय म्हणले, ते सांगा आधी."

"म्हणले, विषय नाई, तारीख नाई, सहपत्र नाई."

"अजून?"

"बस, एवढंच."

"हरिदास काऊन सोडून राह्यला, असं नाई इचारलं?"

वर्षालीताईंनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "नाई."

"तुम्ही इचारलं. त्याईनं नाई इचारलं." हरिदास बाहेर गेला. वॉल बंद करून, हातपाय धुऊन परत आला आणि समोरच्या स्टुलावर बसला. "लिहा."

"काय लिहू?"

"राजीनामा. विषय टाका, तारीख टाका. चोवीस वर्सं झाले, कच्चं काम नाई पायजे."

ताईंनी समजावलं, रागावल्या, काकूला फोन लावते म्हणाल्या. हरिदास हलला नाही. चुकून झालेला राजीनामा आता त्याला मनापासून द्यायचा होता. शेवटी ताईंनी विचार केला, कागद करायला बसलं की माणूस थंड होतो. कोरे कागद पुढं ओढून त्या कायदा सांगायला लागल्या, जितका लांबवता येईल तितका.

"दोन प्रती लागतात. दोन्हीवर सही अन् सहीखाली तारीख. एक प्रत रजिस्टर पोस्टानं संस्थेले, एक तुमच्यापाशी. मुख्याध्यापकाले नाई द्याचा राजीनामा, संस्थेले द्याचा. अन् तीन महिन्याची नोटीस."

"म्हंजे सही केली का तीन महिने चालू?"

"तारीख पडली का चालू."

"लिहा मंग."

उजव्या कोपऱ्यात दिनांक आला. डावीकडे 'प्रति, मा. सचिव', खाली संस्थेचं नाव. मग 'विषय : शिपाई पदाचा राजीनामा सादर करणेबाबत.' मग 'महोदय'.

"महोदय म्हंजे मी?"

"नाई, सचिव."

"मंग मी कुठी हाये?"

"तुम्ही खाली. आपला विश्वासू."

हरिदासनं त्या दोन शब्दांवर बोट ठेवलं. "हे बरोबर हाये. हे ठेवा."

कारणापाशी गाडी अडली. ताई म्हणाल्या, सारेच 'घरगुती कारण' लिहितात. हरिदास म्हणाला, "घरी काईच झालं नाई. कोकिळेनं सकाळी झुणका केलता. जे झालं ते शाळेत झालं. कारण लिहा, पाणी."

"असं कोणी लिहिते का?"

"मी लिहितो न."

पत्रात कारण पाणी पडलं. सहपत्रांची पाळी आली. "एक, मूळ चिठ्ठी," असं म्हणत ताईंनी झाकण टाचणीनं लावलं. "दोन, ताब्यातल्या चाव्या अन् वस्तूंची यादी."

हरिदासनं चाव्यांचा जुडगा टेबलावर ओतला. एकेक चावी उचलून तो सांगत गेला अन् ताई लिहीत गेल्या. ऑफिस, प्रयोगशाळा, पोषण आहाराची खोली, मोटरची पेटी. एक बारीक पितळी चावी उरली.

"हे कशाची?"

"हिचं कुलूप नाई. कुलूप चोरीले गेलं, चावी राह्यली."

"मंग सोडा."

"सोडा कसं? लिहा, बिनकुलपाची चावी, नग एक. चार्ज म्हंजे चार्ज." मग थोडं थांबून म्हणाला, "वॉल कसा फिरते तेबी लिहा. आधी डावीकडं दाबाचं, मंग उजवीकडं. नाई तं नवा माणूस तोडून टाकीन."

ताईंनी तेही लिहिलं. आता मात्र त्यांना हसू येत नव्हतं. माणूस थंड होईल म्हणता म्हणता कागद पुरा शिजला होता.

दोन्ही प्रती घेऊन दोघं सरांपुढं गेले. सरांनी लाल पेन काढला आणि पत्र वाचायला घेतलं. मांडणी पाहून त्यांचा चेहरा उजळला. "छान. याला म्हणतात पत्र. फक्त सहपत्र एकमध्ये 'चिठ्ठी' नको, 'निवेदन' करा. आणि हे कारणात काय? 'पाणी'? कसलं पाणी?"

"बोअरचं, सर."

"बोअरच्या पाण्याचा राजीनाम्याशी काय संबंध?"

"तेच मी इचारून राह्यलो." हरिदासच्या हातात पेन होता, सहीच्या जागेपासून वीतभर वर. "तुम्ही आवाज देल्ला तवा मी हौदात पाणी सोडून राह्यलो होतो. तसंच सांगतलं. लेखी द्या म्हणले, लेखी देल्लं. सर, मी पाणी सोडून राह्यलो अन् तुम्ही मलेच सोडून राह्यले."

सरांनी वर्षालीताईंकडे पाहिलं. ताईंनी मान हलवली. "सर, आमच्याकडं 'सोडून राह्यलो' म्हणजे 'सोडतो आहे'. काय सोडतो आहे ते ज्याचं त्यानं समजाचं."

सरांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "अहो, मग... तुम्ही तेव्हाच सांगायचं ना."

"तुम्ही इचारलं असतं तं सांगतलं असतं. माणूस चोवीस वर्सांची नोकरी सोडते तं 'काऊन बावा?' एवढं तं कोणीबी म्हणते. तुम्ही म्हणले, विषय नाई." त्यानं पेन कागदावर टेकवला. शाईचा एक ठिपका उमटला.

सर खुर्चीतून उठले. टेबल ओलांडून हरिदासच्या बाजूला येऊन उभे राहिले. त्यांना माफीचा नमुना माहीत नव्हता. त्यांनी एकदा घसा साफ केला, पुन्हा केला, आणि मग सांगलीच्या जिभेनं जसं जमेल तसं म्हणाले, "हरिदासभाऊ... काऊन हो सोडताय?"

त्या 'काऊन'चा उच्चार इतका वाकडा झाला की वर्षालीताईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड फिरवलं. हरिदासनं मात्र तो पूर्ण ऐकून घेतला. शिपाई म्हणून नाही, ज्याला विचारलं आहे त्या माणसासारखा.

"नाई सोडून राह्यलो, सर," तो म्हणाला.

सर सावध झाले. आज एकदा पोळले होते. "नाही सोडून... राहिलो. म्हणजे नोकरी सोडत नाही? की न सोडता तिसरंच काही?"

"राह्यलो न, सर."

"म्हणजे?"

"सर, राह्यले ते," वर्षालीताई म्हणाल्या. "ठेवा आता."

सरांनी दोन्ही प्रतींवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी लाल रेघ मारली, 'रद्द' लिहिलं आणि खाली तारीख घातली. फाडून टाकणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पत्र त्यांनी ताईंकडे दिलं. "फाइलला लावा."

"कोणत्या फाइलले, सर?"

सरांनी थोडा विचार केला. "पाणीपुरवठा."

बाहेर पोरं यायला लागली होती. सकाळी सरांनी ज्या कामासाठी हाक मारली होती ते अजून तसंच पडलं होतं. हरिदासनं चाव्यांचा जुडगा कमरेला खोचला, सरांच्या टेबलावरून बैठक क्रमांकांची यादी घेतली आणि पाचवीच्या वर्गात गेला. पहिल्या बाकावरची धूळ त्यानं तळव्यानं पुसली, खडू ओला केला आणि कोपऱ्यात ठळक एक काढला. मग पुढच्या बाकावर दोन.