भाषणात राहून गेलेली मिश्री

वनमाला सहदेव पाताडे. जन्म १९३१, देवगड तालुक्यातील एका वाडीत. मृत्यू १९८८, घाटकोपर येथे. नवऱ्याची गिरणीतली नोकरी, तीन मुलांची लग्ने आणि चाळीतील दोन खोल्या यांत तिचे आयुष्य गेले. लग्नाच्या आधीपासून ती रोज सकाळी मिश्रीने दात घाशी. तर्जनीवर काळी पूड घेऊन ती हिरड्यांना लावायची आणि चहा उकळेपर्यंत तशीच बसून राहायची.

ही मिश्री सहदेव स्वतः भाजून देत असे. तंबाखू तव्यावर करपू लागली की त्या धुराने वनमालाला ठसका लागे. म्हणून निवृत्तीनंतर दर रविवारी तो अंगणात शेगडी मांडी, तंबाखू काळी होईस्तोवर परती, कुटून वस्त्रगाळ करी आणि डबी भरून तिच्या हाती देई. बायकोसाठी आपण नेमाने काही करतो याचे त्याला समाधान होते.

स्वतःचे तंबाखू-चुन्याचे व्यसन सहदेवने १९७९ साली सोडले होते. त्यामुळे १९८५ साली चाळीच्या मंडळाने समाजमंदिराच्या सभागृहात मुखआरोग्य दिन ठरवला, तेव्हा भाषण त्याच्याकडेच आले. त्याने ते चार वेळा लिहून काढले. विडी, सिगारेट, तंबाखू-चुना, तंबाखूचे पान, तपकीर अशी यादी केली. 'तंबाखूमुक्त मुख हेच निरोगी मुख' या वाक्याने शेवट केला.

भाषण झकास झाले. पुरुषांनी माना खाली घातल्या. बायका खुशीत होत्या. त्यांच्या मते हा सगळा मार पुरुषांना होता. टाळ्या थांबल्या आणि शेजारची रुक्मिणी मागून ओरडली, "सहदेवभाऊ, आमच्या मिश्रीचं काय? ती चालते ना?"

"मिश्री दात घासायला असते," सहदेव हसून म्हणाला. "ती व्यसनात येत नाही."

दंतवैद्यकीय महाविद्यालयातून आलेल्या डॉक्टर अनुपमा उठल्या. "काका, मिश्री कशाची करतात?"

"तंबाखूची," तो म्हणाला, आणि ध्वनिक्षेपकासमोर तसाच उभा राहिला. 'मिश्री' हा शब्द त्याने आयुष्यात हजारदा उच्चारला होता. यादी करताना मात्र तो आठवला नव्हता.

"भाजल्याने तंबाखूतलं विष जात नाही," डॉक्टर सावकाश म्हणाल्या. "आणि ही तर हिरडीला चोळून ठेवतात."

तपासणी सुरू झाली. बॅटरी आणि लाकडी पट्टी घेऊन डॉक्टर एकेकीचे तोंड पाहत होत्या. वनमालाच्या वेळी त्यांनी खालचा ओठ हलकेच ओढला, कापसाने पुसून पाहिले, पुन्हा पुसले. हिरडी आणि गाल यांच्या खाचेत पांढरा चट्टा होता. मध्ये लालसर ठिपके. तो पुसला जात नव्हता.

"दुखतं का, काकी?"

"नाय गो. दुखला असता तर सांगलं नसतंय?"

"न दुखणाऱ्यालाच मी जास्त घाबरते." त्यांनी परळच्या रुग्णालयासाठी चिठ्ठी लिहिली. "तुकडा काढून तपासायला हवा. मिश्री आजपासून बंद."

घरी आल्यावर सहदेवने डबी मोरीत रिकामी केली. वनमाला पाहत राहिली.

"मी काय तंबाखू खातंय? दात घासतंय."

"डॉक्टरीण बोलली ते ऐकलंस ना?"

"आणि तुम्ही इतकी वर्सां भाजून दिलास, तां?"

सहदेव रिकामी डबी नळाखाली धुऊ लागला. तिला उत्तर नको होते; तिला मिश्री हवी होती. मिश्रीवाचून तिचे पोट साफ होईना, डोके उठे. चार दिवसांनी ती रुक्मिणीकडून चिमूट आणू लागली. परळला जायचे आधी गणपतींनंतर ठरले, मग भाचीच्या लग्नानंतर. सहदेव चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवी आणि दर सोमवारी विचारी. "दुखत नाय, तर कित्याक जावचा?" ती म्हणे. तिला ओढून नेणार कसे? तो दाराबाहेर जाऊन उभा राही.

१९८७ मध्ये दुखू लागले. परळच्या डॉक्टरांनी तपासणीचा कागद वाचला आणि चट्ट्याचा कर्करोग झाला असून तो जबड्याच्या हाडापर्यंत पोचल्याचे सांगितले. शस्त्रक्रिया झाली, विजेचे शेक झाले. शेवटचे तीन महिने ती नळीतून पेज घेत होती. तेव्हा मिश्री सुटली. बोट हिरडीपर्यंत जातच नव्हते.

तेराव्यानंतर रुक्मिणी दारात आली. "भाऊ, राग नका मानू. तो तवा तसाच पडलाय. मला द्याल?"

"कशाला?"

तिने नजर तव्याकडे वळवली. सहदेवने भाषणाचा कागद काढला, यादीत तपकिरीखाली मागाहून तांबड्या शाईने लिहिलेला 'मिश्री' हा शब्द तिला दाखवला, आणि सारे भाषण तिथेच उंबऱ्यावर पहिल्यापासून वाचले. रुक्मिणीने पदराने डोळे पुसत शेवटपर्यंत ऐकले.

"वनमालाताईसाठी जीव तुटतो हो," ती म्हणाली, आणि गेली.

तवा त्याने दिला नाही, माळ्यावर टाकला. रविवारी सकाळी अंगणातून करपलेल्या तंबाखूचा वास आला. रुक्मिणीने दुसरा तवा आणला होता. सहदेवने खिडकी लावून घेतली. मंडळाने मुखआरोग्य दिन पुन्हा केला नाही. दुरुस्त केलेले भाषण सभागृहात वाचायचे राहिले ते राहिलेच.