मधलं कार्ड

रेणुकाबाईंच्या शाळेचा शिक्का तीन दिवस सापडत नव्हता, असं त्या सांगत होत्या. खरं तर तो त्यांच्याच पिशवीत, चष्म्याच्या डबीखाली होता.

गुडीहत्नूरजवळची ही मराठी शाळा. बाई एकट्या, पोरं सात. सहा पहिली-दुसरीची; त्यांची नाकं पुसण्यातच दिवस जातो. पाचवीत फक्त चंचल. तिला दूरच्या सरकारी निवासी शाळेत जागा मिळाली होती. उद्यापर्यंत हजर व्हायचं, नाहीतर जागा गेली. त्यासाठी शिक्का मारलेला दाखला बाईंनीच द्यायचा. नवरा गेल्यापासून बाईंशी धड बोलणारं माणूस म्हणजे ही दहा वर्षांची पोरगी. म्हणून शिक्का हरवला. बाई लबाड नव्हत्या, पण एकटेपणानं माणूस असलं काहीतरी करून बसतो.

दुपारी चंचलचे वडील भारत पुन्हा आले. "बाई, सापडला का वो शिक्का?"

"शोधून राह्यले. चारले या."

ते गेल्यावर बाईंनी चंचलपुढे कार्डं ठेवली. जुन्या लग्नपत्रिकांवर चित्रं चिकटवलेली, मागे प्रश्न. चार पोरांनी हातात धरून उभं राहायचा अन्नसाखळीचा खेळ. आता चंचल एकटीच ती फरशीवर मांडते. गवत, नाकतोडा, साळुंकी, रानमांजर. मधे खडूचे बाण.

"बाण खाणाऱ्याकडं," ती पुटपुटली. आधी उलटे काढायची. मग साळुंकीचं कार्ड पलटलं. "साळुंक्या नाई राह्यल्या तं? नाकतोडे वाढतीन, गवत फस्त करतीन. मांजराले खायाले कमी पडन."

बाईंनी तीन कोरी कार्डं दिली. "आता तुह्या ताटातली साखळी कर."

चंचलनं नावं लिहून बाणांसकट मांडलं: ज्वारी, बाई, चंचल.

बाई कितीतरी दिवसांनी खळखळून हसल्या. "मले खाल्लं काऊन वं?"

"शाळेतला भात नाई आवडत मले. भाकर तुमीच देता ना."

"देणारं नाई येत साखळीत. खाल्लेलं अन् खाणारं, एवढंच."

"मंग तुमचं कार्ड काढू?"

बाई म्हणाल्या, "काढ."

पोरीनं कार्ड उचललं, खडू पुसला आणि ज्वारीपासून स्वतःपर्यंत एकच बाण ओढला. मग सवयीनं प्रश्न केला, "बाई नाई राह्यल्या तं?" बाणाकडं नीट बघून उत्तरही तिनंच दिलं. "काईच नाई होत. बरोबर?"

"बरोबर," बाई म्हणाल्या. उत्तर बरोबरच होतं, आणि ते त्यांना फार लागलं.

चारला भारत आले तेव्हा दाखला टेबलावर तयार होता.

"कुठं सापडला वो?"

"माह्याच पिशवीत होता."

दुसऱ्या दिवशी बाईंनी सवयीनं डब्यात तीन भाकरी घातल्या. संध्याकाळी एक तशीच घरी आली.