एका वर्गाची एक जन्मतारीख

टेलरबाईंच्या हातात कापड पडलं की माणसाची गुपितं फुटायची. कोणाचं पोट सुटलं, कोण बायकोला न सांगता डाएट करतंय, कोणाच्या खिशाला कायम भोक पडतं, सगळं त्यांना ठाऊक. दुकान म्हणजे जेमतेम एक गाळा. शिलाई मशीन, इस्त्रीचं टेबल, आणि गिऱ्हाइकाने बसायचं स्टूल, ज्याच्यावर बसून कोणी गिऱ्हाईक पाच मिनिटांत उठल्याचं ऐकिवात नाही. एकोणीस वर्षं त्या तिथे भाड्याने होत्या. नवरा गेला तोही इथेच राबत असताना, म्हणून त्या गाळ्यावर त्यांचा जीव.

एके दिवशी गाळामालक पँटची चेन बदलायला आला आणि चेन लागेपर्यंत बोलून मोकळा झाला. "बाई, गाळा विकतोय. पहिला हक्क तुमचा. चाळीस दिवस थांबतो. नंतर तो मोबाइलवाला रोख घेऊन उभाच आहे."

बाईंनी चेन दोनदा उलटी लावली.

बँकेतले कर्जसाहेब हे त्यांचं जुनं गिऱ्हाईक. दरवर्षी त्यांच्या पँटी कंबरेत अर्धा इंच सैल कराव्या लागायच्या, आणि ही गोष्ट बाईंनी आजवर फक्त चौघींनाच सांगितली होती. साहेब म्हणाले, "अर्जाची घाई करू नका. आधी स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट काढून नीट वाचा. वर्षातून एकदा फुकट मिळतो. आपला आपण पाहिला तर स्कोअर कमी होत नाही. आम्ही अर्जावरून पाहिला की मात्र त्याची नोंद होते."

"मला काय पाहायचंय त्यात? मशीनचं कर्ज काढलं होतं, एक हप्ता चुकवला नाही."

"तरी पाहा."

नणंदेचं झेरॉक्स आणि फॉर्म भरण्याचं दुकान दोन दारं सोडून होतं. नणंद म्हणजे जिभेला धार लावूनच जन्मलेली बाई. तिने रिपोर्ट काढला, पहिल्यांदा स्वतः वाचला आणि चष्म्यावरून पाहिलं.

"वहिनी, वॉशिंग मशीन कधी घेतलंत? आम्हाला कळलंही नाही."

"अहो वन्सं, थट्टा करू नका. धुण्याने माझी बोटं झिजलीत."

"मग हे बघा. फायनान्स कंपनीचं कर्ज, अकरा हप्ते थकलेले. स्कोअर नऊशेपैकी पाचशे एक्याण्णव. आणि पत्ता तळ्यापलीकडच्या वस्तीतला. तिकडे दुसरा संसार आहे का तुमचा?"

तळ्यापलीकडे म्हटल्यावर बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. थोरली!

शाळेत त्यांच्याच नावाची आणखी एक मुलगी होती. ही बुटकी म्हणून धाकटी, ती उंच म्हणून थोरली. हेडमास्तर आळशी. कोणाच्या आईबापांना जन्मतारीख सांगता येईना, म्हणून त्यांनी रजिस्टरमध्ये अख्ख्या वर्गाला एकच तारीख लावून टाकली. सगळी पोरं एकाच दिवशी जन्माला आली, सुईणीचं काय झालं असेल ते तिचं तिलाच माहीत! पुढे दोघींना सासरचं आडनावही एकच मिळालं, थोरलीचं सासर तळ्यापलीकडे. तेव्हा दोघी खूप हसल्या होत्या. ते हसू आता एकीच्याच गळ्यात आलं.

नणंदेने हे रिपोर्ट बनवणाऱ्या क्रेडिट ब्युरोच्या साइटवर तक्रार टाकली, "हे खातं माझं नाही." उत्तर आलं की आम्ही आमच्या मनाने काही खोडत नाही, कर्ज देणाऱ्या कंपनीला विचारतो, तीस दिवस लागू शकतात.

बाई रोज विचारायच्या, "काही आलं?" नणंद म्हणायची, "आलं असतं तर मी दवंडी पिटली नसती का?"

चाळीसपैकी चोविसाव्या दिवशी आलं. कंपनीने कळवलं होतं की माहिती बरोबर आहे.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, कंपनीकडेही त्याच दिवशी लेखी द्यायचं होतंत! दोन्हीकडे एकदम तक्रार करायची असते."

"तुम्ही सांगितलं नाहीत."

साहेबांनी पँट वर ओढली.

"मग मीच भरून टाकते ते थकलेलं. गाळ्यापुढे ते काय आहे?"

"चुकूनही भरू नका. भरलंत म्हणजे कर्ज तुमचंच, असं तुम्हीच कबूल केलंत. आणि उशिराचे डाग तरीही राहणार."

फायनान्स कंपनीच्या काउंटरवरची मुलगी गोड बोलणारी होती, आणि गोड बोलणाऱ्या माणसाशी भांडताही येत नाही. "नाव जुळतंय, मॅडम. जन्मतारीख जुळतेय. गाव जुळतंय."

"फोन जुळतोय का? पत्ता? सही?"

"नाही."

"पॅन नंबर?"

मुलीने स्क्रीन पाहिली. "तो रकाना रिकामाच आहे. शाळेच्या दाखल्यावर कर्ज दिलेलं दिसतंय."

"मग काढा ना माझ्या नावावरून!"

"मला इथून काढता येत नाही, मॅडम. ओळखपत्रं जोडून अर्ज द्या. हेड ऑफिस तपासेल. तिथून दुरुस्ती ब्युरोला जाईल, मगच रिपोर्ट बदलेल. दुसऱ्या ग्राहकाची कागदपत्रं मी तुम्हाला दाखवू शकत नाही."

आयुष्यभर लोकांचे कपडे उसवून दुरुस्त करणाऱ्या बाईला एक ओळ उसवता येत नव्हती.

त्या तळ्यापलीकडे गेल्या. मनात शिव्यांची उजळणी करत गेल्या, पण दारातच सगळ्या शिव्या विरघळल्या. थोरली पाठीत वाकली होती. गॅलरीत वॉशिंग मशीन बंद पडलेलं, वर फाटकी चादर. नवऱ्याचं काम सुटून दोन वर्षं झालेली.

"धाकटे, तू? किती जाड झालीस गं!"

"आणि तू किती श्रीमंत! मशीन घेतलंस, हप्ते मला लावलेस."

ऐकता ऐकता थोरलीचा चेहरा उतरला. "अगं, आधी फोन यायचे. मग नंबर बंद पडला, तर मला वाटलं विसरले. माझ्याकडे द्यायला काही नाही गं. मी काय करू, सांग."

बाईंनी कर्जाचा कागद मागितला. थोरलीने पत्र्याच्या पेटीतून कर्जाचा करार काढला. त्यावर तिचा फोटो, तिची सही. तो घेऊन दोघी नणंदेच्या दुकानात आल्या; तिने कधी नव्हे ते टोमणा न मारता झेरॉक्स काढली. थोरलीने कर्ज माझं आहे असं लिहून दिलं. खाली सही तिची, आणि वर नाव मात्र दोघींचं तेच.

अठ्ठाविसाव्या दिवशी अर्ज गेला. तक्रार क्रमांक मिळाला. बाई तो क्रमांक पाढ्यासारखा म्हणायच्या. फोन लावला की आवाज म्हणायचा, "प्रक्रियेत आहे." साहेबांना विचारलं, असाच कर्जाचा अर्ज घालू का? "घाला, पण या स्कोअरवर तो माझ्या टेबलापर्यंतही पोचणार नाही. नकार तेवढा येईल."

एकोणचाळिसाव्या दिवशी त्या गाळामालकाकडे गेल्या. "पंधरा दिवस द्या हो."

"बाई, माझ्या डोळ्यासमोर तुम्ही एकोणीस वर्षं भाडं दिलंत. मला तुमचा रिपोर्ट तोंडपाठ आहे. पण मुदतीनंतर त्यालाच द्यायचा म्हणून मी मोबाइलवाल्याचा बयाणा घेतलाय. परवा सही."

रिपोर्ट दुरुस्त झाला सेहेचाळिसाव्या दिवशी. वॉशिंग मशीन गेलं, स्कोअर सातशे अडुसष्ट. नणंदेने रंगीत छापून आणला. आयुष्यात पहिल्यांदा तिने छपाईचे पैसे मागितले नाहीत, त्यावरूनच बाईंना समजलं की प्रकरण किती वाईट आहे. साहेब म्हणाले, "आता कधीही या, कर्ज मंजूर." कशासाठी, ते मात्र त्यांनाही सुचलं नाही.

इस्त्रीचं टेबल हातगाडीवर चढत होतं. शिलाई मशीन नणंदेच्या दुकानात, झेरॉक्सच्या यंत्राला खेटून बसणार होतं. मोबाइलवाला दारात उभा राहून आत पाहत होता. माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत.

"मावशी, जाता जाता एक काम घ्याल? इथे दाराला पडदा हवाय. माप घेऊन ठेवा."

त्याने टेप पुढे केली. बाईंनी ती घेतली नाही.

"उंची पावणेसात फूट," त्या म्हणाल्या. "डावीकडे अर्धा इंच जास्त धर. चौकट तिकडे खचलीय."